आधी दहा टक्के काढ

ओंकार,

तुझा व्हॉइस मेसेज दुकानात ऐकला. तेव्हा एक गिऱ्हाईक पंख्याची पाती फिरवून बघत होतं आणि दुसरं बल्ब होल्डरमध्ये लावून बघत होतं, म्हणून उत्तर राहिलं. आता शटर ओढलंय, मामी भाकरी टाकेपर्यंत वेळ आहे, तर सविस्तर लिहितो. फोनवर आकडे सांगितले की तू 'हो हो' म्हणतोस आणि तुझ्या डोक्यात काही राहत नाही, हे मला तू पाचवीत असल्यापासून माहीत आहे.

तुझा प्रश्न मला नीट कळला. तिकडे टोरोंटोत वस्तूवरच्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, तो गल्ल्यावर लागतो. तुझ्या स्टोअरमधलं गिऱ्हाईक रॅकपाशीच विचारतं की सगळं मिळून किती होईल, आणि तू खिशातून फोन काढतोस. वर तुम्ही मित्र हॉटेलात गेलात की टिप किती ठेवायची यावर चर्चासत्र भरतं. आणि मग तू मला विचारतोस, "मामा, तू गल्ल्यावर बसून कसं पटकन सांगतोस?"

अरे, मी पटकन काहीच सांगत नाही. कुठलाही टक्का सांगितला तरी मी तो थेट काढतच नाही. आधी दहा टक्के काढतो आणि मग त्या दहा टक्क्यांचं काय करायचं ते बघतो.

दहा टक्के म्हणजे दहावा हिस्सा, आणि दहाने भागायला टिंब एक घर डावीकडे सरकवलं की झालं. ६५०चे ६५. ४८चे ४.८०. साडेआठ डॉलरचे ८५ सेंट. इथे एक खोड मात्र आधीच मोडायला हवी. शाळेत कुणीतरी 'शून्य काढून टाक' असं शिकवतं आणि ते मुलांच्या डोक्यात घट्ट बसतं. माझ्याकडे नवा पोरगा लागला होता, त्याने ६०५चे दहा टक्के ६५ सांगितले. मधलं शून्य उचललं बिचाऱ्याने! शून्य काढायचं नसतं, टिंब सरकवायचं असतं. ६०५चे ६०.५०. शंका आली तर आलेल्या उत्तराची मनात दहापट कर. मूळ आकडा परत आला पाहिजे. ६५ची दहापट ६५०, म्हणजे कुठेतरी गडबड आहे. एवढी तपासणी पुरते, कारण या पद्धतीत बहुतेक चुका याच एका जागी होतात. इथे घसरलास की पुढचं सगळं बरोबर करूनही उत्तर चुकतंच.

आता पुढची पायरी. तुझे आजोबा आम्हाला रोज संध्याकाळी पाढे म्हणायला लावायचे. नुसते बे एके बे नाही, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, तुमच्या पिढीला नावही माहीत नसेल. आम्हाला तेव्हा वाटायचं की हा छळ कशासाठी. पण दहा टक्के हातात आले की त्याच पाढ्यांनी बाकीचे टक्के निघतात. दहाची दीडपट म्हणजे पंधरा टक्के. अडीचपट म्हणजे पंचवीस. औटपट म्हणजे पस्तीस. सव्वापट घेतलीस तर साडेबारा, पाऊणपट घेतलीस तर साडेसात, निम्मे घेतलेस तर पाच, आणि पाव घेतलेस तर अडीच. ८४०वर १५ टक्के सूट द्यायची आहे? दहा टक्के ८४, दीडपट १२६. शंभराने भागा, पंधराने गुणा, अशी काही भानगडच नाही.

गंमत म्हणजे आजोबांना स्वतःला हा दहा टक्क्यांचा रस्ता लहानपणी फारसा उपयोगाचा नव्हता. त्यांच्या वेळी रुपयाचे सोळा आणे होते. रुपयाचा दहावा हिस्सा काढायचा तर एक आणा सात पै आणि वर थोडं, असं काहीतरी अडनिडं यायचं. म्हणून जुने व्यापारी 'रुपयामागे दोन आणे' म्हणायचे, म्हणजे आपले साडेबारा टक्के, नाहीतर 'रुपयामागे आणा', म्हणजे सव्वासहा. सोळाचे अर्धे, पाव, दोन आणे सगळे नीट पडतात, दहावा हिस्सा पडत नाही. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि त्यानंतर कुठे टिंब सरकवण्याचं सुख आलं.

बरं, आता तुझ्या कामाचं. तुमच्या ऑंटारिओत टॅक्स १३ टक्के. यात दहा तर आहेतच, उरले तीन. दहा टक्क्यांचं टिंब आणखी एक घर सरकवलं की एक टक्का, त्याची तिप्पट केली की तीन. तू पाठवलेल्या त्या हॉटेलच्या बिलावरच करून दाखवतो. खाण्याचे ४६.८० डॉलर. दहा टक्के ४.६८. एक टक्का सत्तेचाळीस सेंट धर, तिप्पट १.४१. दोन्ही मिळून ६.०९. बिलावर छापलंय ६.०८. एका सेंटचा फरक आपण ४६.८ सेंटचे ४७ केले म्हणून आला. गिऱ्हाइकाला रॅकपाशी सांगायला तेवढं चालतं. त्याला 'साधारण त्रेपन्न डॉलर' एवढंच हवं असतं, आणि तुझं उत्तर येतंय ५२.८९.

मग टिप. तुमच्यातला एक म्हणाला १८ टक्के द्यायचे आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. १८ टक्के हा माझा रोजचा धंदा आहे रे! आमच्याकडे पंखा, वायर, स्विच सगळ्यावर जीएसटी अठराच. लोक दहा अधिक पाच अधिक तीन असं करत बसतात आणि मधेच कुठला तरी तुकडा विसरतात. मी वीसवरून खाली येतो. दहा टक्क्यांची दुप्पट केली की वीस, आणि त्या विसाचा दहावा हिस्सा म्हणजे बरोबर दोन टक्के. म्हणून दुप्पट कर आणि आलेल्या उत्तरातून त्याचाच दहावा हिस्सा वजा कर. ४६.८०चे दहा टक्के ४.६८, दुप्पट ९.३६, त्यातून ९४ सेंट गेले, राहिले ८.४२. झाली टिप.

आमच्या बिलावर हे अठरा टक्के दोन ओळींत छापतात, नऊ केंद्राचे आणि नऊ राज्याचे. नऊ टक्क्यांनाही तीच युक्ती, दहा टक्क्यांतून त्यांचाच दहावा हिस्सा वजा. ज्या टक्क्याच्या जवळ सोपा आकडा वरच्या बाजूला असतो तिथे वरून खाली यायचं. १९ म्हणजे २० वजा १. ३७ म्हणजे ४० वजा ३. ४८ म्हणजे सरळ निम्मे वजा २. आणि समज, कुणी १७.३ टक्के विचारले तर मुकाट्याने फोन काढ. त्यात डोकं लावण्यात काही मर्दुमकी नाही. फक्त उत्तर दहा आणि वीस टक्क्यांच्या मधे, वीसच्या बाजूला पडतंय ना, एवढं बघून घे. फोनवर बोट चुकतं, आणि फोन चुकलेलं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतो.

त्या टिपेत अजून एक मेख आहे. तू म्हणालास की कार्ड मशीनवर १८ टक्क्यांचं बटण दाबलं आणि ९.५२ कापले गेले. मी काढलेले ८.४२ आणि मशीनचे ९.५२, हे १.१० कुठून आले? हिशोब कर. ५२.८८चे दहा टक्के ५.२९, दुप्पट १०.५८, त्यातून १.०६ वजा, ९.५२. म्हणजे मशीनने टॅक्स मिळवलेल्या रकमेवर अठरा टक्के घेतले, तुम्ही सरकारला दिलेल्या पैशांवरही वेटरला टिप दिलीत. द्यायची असेल तर खुशाल द्या, पोरं कष्ट करतात. पण कशावर देतोय हे कळून द्या.

आणि ओंकार, टक्क्यांत खरी गोची इथेच आहे. दहा टक्के काढणं दहा मिनिटांत येतं. कशाचे दहा टक्के, हे विचारायची सवय लागायला वेळ लागतो. हजाराची वस्तू दहा टक्क्यांनी वाढली, अकराशे झाली. मग दहा टक्के उतरली तर लोकांना वाटतं की परत हजार. पण आता दहा टक्के अकराशेचे, म्हणजे ११०. उरतात ९९०.

याचं मोठं नाटक आमच्या दुकानात २०२५च्या सप्टेंबरात झालं. २२ तारखेपासून जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८चे टप्पे गेले, आणि एसी २८वरून १८वर आला. टीव्हीवर दिवसभर तेच. दुसऱ्या दिवशी आपल्या पेठेतले एक निवृत्त मास्तर आले. त्यांनी ऑगस्टमध्ये एक एसी बघून ठेवला होता, टॅक्ससकट ३८,४००. म्हणाले, "विलासराव, दहा टक्के कमी झाला ना टॅक्स? मग ३,८४० रुपये कमी करा." दहा टक्के बरोबर काढले होते हो त्यांनी, टिंब अगदी जागेवर. पण टॅक्स ३८,४००वर नव्हताच, तो होता मूळ किमतीवर. मी कागद घेतला. एसीची मूळ किंमत ३०,०००. त्यावर २८ टक्के कसे? दहा टक्के तीन हजार, तिप्पट नऊ हजार म्हणजे तीस टक्के, त्यातून दोन टक्क्यांचे सहाशे वजा, ८,४००. म्हणून ३८,४००. आता १८ टक्के, सहा हजारांतून सहाशे गेले, ५,४००. नवी किंमत ३५,४००. फरक तीन हजारांचा. दहा टक्केच, पण तीस हजारांचे. ३८,४००च्या मानाने बघितलं तर किंमत आठ टक्क्यांनाही थोडी कमीच उतरली होती.

मास्तरांनी कागद उलटसुलट बघितला, चष्मा काढला, परत लावला, आणि म्हणाले, "म्हणजे टॅक्स दहा टक्के उतरला आणि किंमत आठ?" मी म्हटलं, होय. एसी नेला त्यांनी. पण त्या आठवड्यात हाच हिशोब मी इतक्या जणांना समजावला की शेवटी मामीने तो कागद गल्ल्याच्या काचेखाली सारला आणि म्हणाली, आता तोंड बंद ठेवा, नुसतं बोट दाखवा.

याच्याच पोटातली दुसरी गोष्ट म्हणजे टॅक्ससकट रकमेतून टॅक्स बाहेर काढणं. ठेकेदार येतात, त्यांना 'बेसिक किती' ते हवं असतं. समज, माल टॅक्ससकट ४,७२०चा आहे. नवशिका काय करतो, ४,७२०चे अठरा टक्के काढतो. ४७२, दुप्पट ९४४, वजा ९४.४०, झाले ८४९.६०. ते वजा करून सांगतो की बेसिक ३,८७०.४०. आता या ३,८७०वर उलट अठरा टक्के चढवून बघ. ३८७, दुप्पट ७७४, वजा ७७, झाले ६९७. बेरीज ४,५६७. कुठे ४,७२० आणि कुठे ४,५६७! उत्तर उलट चढवून बघितलं की पितळ लगेच उघडं पडतं.

खरं असं आहे की शंभराच्या मालावर अठरा चढले की रक्कम ११८ होते. म्हणजे टॅक्ससकट प्रत्येक ११८ रुपयांत १८ टॅक्सचे. आता ११८चे दहा टक्के ११.८०, पाच टक्के ५.९०, मिळून १७.७०. अठराला तीस पैसे कमी पडले, आणि ११८चा पाव टक्का जवळजवळ तेवढाच येतो. म्हणून टॅक्ससकट रकमेतून जीएसटी काढायचा तर तिचे सव्वापंधरा टक्के घे. ४,७२०चे दहा टक्के ४७२, निम्मे २३६, झाले ७०८. एक टक्का ४७.२०, त्याचा पाव ११.८०. एकूण ७१९.८०. खरा टॅक्स ७२० आणि बेसिक चार हजार. चुकलो किती, वीस पैशांनी. तोंडी सांगायला एवढं बास. बिल करताना मात्र ११८ने भागून १००ने गुणायचं, तिथे मी कॉम्प्युटरलाच करू देतो. सव्वापंधरा हा जवळचा आकडा आहे, तंतोतंत नाही, आणि कागदावर वीस पैशांचा फरक आमच्या अकाउंटंटला खपत नाही.

तुमच्या १३ टक्क्यांसाठीही मी काढून ठेवलंय. ११३मध्ये १३, म्हणजे साडेअकरा टक्के. दहा, एक आणि अर्धा. तिकडे पेट्रोलच्या दरात टॅक्स आधीच धरलेला असतो म्हणालास ना? मग ५६.५० डॉलरचं पेट्रोल भरलंस तर ५.६५, त्यात ५६ सेंट, त्यात २८ सेंट, साडेसहा डॉलरला एक सेंट कमी. तेवढा टॅक्स, पन्नासाचा माल. पेट्रोलवर इतरही कर असतात, ते या पन्नासातच आहेत, त्यांचा हिशोब मला विचारू नकोस.

आता तुझ्या मेसेजच्या शेवटी तू जे सहज सांगितलंस त्याबद्दल. तुम्हा तिघांच्या बेसमेंटचं भाडं १,८०० डॉलर आहे आणि मालकाने व्हॉट्सॲप केलाय की पुढच्या महिन्यापासून १,८९०, 'थोडीशी वाढ'. दहा टक्के १८०, निम्मे ९०. म्हणजे थोडीशी नाही, नेमके पाच टक्के. तूच मागे सांगितलं होतंस की ऑंटारिओ सरकार भाडेवाढीची मर्यादा दरवर्षी ठरवतं आणि २०२६ची २.१ टक्के आहे. १,८००चा एक टक्का १८, दुप्पट ३६. उरला टक्क्याचा दहावा हिस्सा, १८चं टिंब सरकव, १.८०. झाले ३७.८०. त्याला हक्काने मागता येतात १,८३७.८०, आणि तेही ९० दिवस आधी लेखी नोटीस देऊन, शेवटच्या वाढीला बारा महिने झाल्यावर. १५ नोव्हेंबर २०१८नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या जागांना ही मर्यादा लागत नाही, पण तुमच्या आधीचा भाडेकरू तिथे २०१५पासून होता असं तूच म्हणाला होतास, तेवढं एकदा पक्कं करून घे. मालकाशी भांडू नकोस, कागदावर हा हिशोब मांड आणि नोटीस लेखी माग. ३७.८० तिघांत वाटले तर प्रत्येकी १२.६० येतात. त्याच्या ९० डॉलरने प्रत्येकी ३० झाले असते.

भाकरी झाल्या, मामी हाक मारतेय. नोटीस आली की फोटो पाठव.

तुझा,
विलासमामा